पहिल्या मिनिटाचा हिशेब

२०१२ साली नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन या अमेरिकेतल्या चार संशोधकांनी जगभरातल्या यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या. इंटरनेटवरच्या एकेका पत्त्याचं दार वाजवायचं, आतलं यंत्र ओ देईल तेव्हा त्याची किल्ली टिपून घ्यायची आणि पुढच्या दाराकडे जायचं, असं ते काम. यात चोरी काही नव्हती. सार्वजनिक किल्ली ही दारावरच्या पाटीसारखी असते, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणूनच लावलेली. सुरक्षित वेब-जोडणी देणारी सुमारे १ कोटी २८ लाख यंत्रं त्यांना सापडली. मग त्यांनी या किल्ल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि काही तासांच्या गणितात सुमारे ६४ हजार यंत्रांच्या खाजगी, म्हणजे गुपित, किल्ल्या त्यांच्या हाती आल्या.

एकही कुलूप त्यांनी फोडलं नव्हतं. वापरलं होतं ते आपण सगळे शाळेत शिकलेलं गणित: मसावि.

ते कसं, हे लहान आकड्यांवर करून पाहू. आरएसए पद्धतीची किल्ली म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार जाहीर असतो, त्या दोन मूळ संख्या गुप्त असतात. खऱ्या किल्लीत एकेक मूळ संख्या दीडशे-तीनशे अंकी असते आणि गुणाकारावरून ती शोधून काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. आता समजा, एका राउटरची किल्ली ११४१३ आहे आणि दुसऱ्या, पहिल्याशी काही संबंध नसलेल्या राउटरची १२८२७. दोन्हींचा मसावि काढा. मोठ्यातून लहान वजा केली की १४१४ उरतात. ११४१३ ला १४१४ ने भागलं की बाकी १०१. १४१४ ला १०१ ने भागलं की बाकी शून्य. म्हणजे मसावि १०१. आता ११४१३ भागिले १०१ बरोबर ११३, आणि १२८२७ भागिले १०१ बरोबर १२७. दोन्ही कुलपं उघडली. तीनशे अंकी संख्यांवरही ही रीत अशीच चालते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. एक कोटीहून जास्त किल्ल्यांच्या सगळ्या जोड्या लावायच्या म्हटल्या तर साठ लाख कोटी मसावि काढावे लागतील. त्यासाठी सगळ्या किल्ल्यांचा एकच महागुणाकार करून उलट भागत येण्याची युक्ती आहे, म्हणून काम तासांत आटोपतं.

पण दोन परक्या यंत्रांनी नेमकी तीच मूळ संख्या उचललीच कशी? या आकाराच्या मूळ संख्या इतक्या आहेत की जगातली सगळी यंत्रं युगानुयुगं निवडत बसली तरी योगायोगाने एक जोडी जुळू नये. एका कंपनीच्या सर्व्हर-व्यवस्थापन कार्डांत तर अख्ख्या उत्पादनाला मिळून नऊच मूळ संख्या निघाल्या. नवांतून दोन निवडायच्या म्हणजे ३६ किल्ल्या, आणि त्याच जगभर वाटलेल्या.

या यंत्रांना आकडे 'मनाला येईल तसे' निवडायचे होते, आणि निवडण्याच्या क्षणी त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

संगणक हा आज्ञाधारक असतो. तीच आज्ञा, तीच सुरुवात, तर शेवटही तोच. यादृच्छिक आकडे देणारं सूत्र कितीही गुंतागुंतीचं असो, ते एका बीजातून आकडे काढतं. बीज तेच असलं तर आकड्यांची सगळी रांगही तीच निघते. म्हणजे बीज बाहेरून, गणिताबाहेरच्या जगातून आणावं लागतं. अशा जगात एक गोष्ट फुकट आणि अखंड मिळते, ती म्हणजे उष्णता.

जुन्या रेडिओची चकती फिरवताना दोन केंद्रांच्या मधे खरखर ऐकू यायची, ती आठवा. त्यातली काही आभाळातल्या विजांची, काही शेजारच्या मिक्सरची, पण थोडी खुद्द रेडिओच्या आतली. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत इकडेतिकडे धडकत असतात, त्यामुळे बॅटरी न जोडलेल्या साध्या रेझिस्टरच्या दोन टोकांतही क्षणोक्षणी बदलणारा इवलासा विद्युतदाब असतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी १९२०च्या दशकात तो मोजला आणि तिथल्याच हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्यामागचं गणित मांडलं. ते इतकं साधं आहे की रेझिस्टर कशाचा बनवलाय हेही विचारत नाही. तापमान, रोध आणि तुम्ही किती रुंद कंपनपट्टा ऐकता, एवढ्या तीन गोष्टींवर गोंगाटाचं मान ठरतं. खोलीच्या तापमानाला एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि दहा हजार हर्ट्‌झचा पट्टा घेतला, तर सरासरी दाब येतो सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट. टॉर्चमधल्या सेलच्या तुलनेत हा चाळीस लाखांश भागाच्या आसपास. मंडल रचणाऱ्या अभियंत्यांनी या गोंगाटाला जन्मभर शिव्या घातल्या. गुप्तलेखनवाल्यांना मात्र तो दाणापाणी वाटतो.

चिपमध्ये हा गोंगाट पकडायच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत दोन उलटे दरवाजे, म्हणजे ० ला १ आणि १ ला ० करणारी दोन मंडलं, एकमेकांच्या शेपट्या तोंडात घेऊन जोडलेली असतात. अशी जोडी एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला झुकूनच स्थिर राहू शकते. तिला जबरदस्तीने बरोबर मध्यावर आणायचं आणि सोडून द्यायचं. डोंगराच्या धारेवर ठेवलेला गोटा ज्या दरीत घरंगळेल त्यावर बिट ठरतो, आणि घरंगळायचा पहिला धक्का देतो उष्णतेचा गोंगाट. इंटेलच्या २०१२ पासूनच्या प्रोसेसरांत यादृच्छिक आकडे देणारी `RDRAND` ही सूचना आहे. तिच्या मुळाशी असलेला हा गोटा सेकंदाला अब्जावधी वेळा धारेवर ठेवला जातो.

दुसरी रीत स्वस्त आहे, त्यामुळे लहानसहान चिपांत तीच जास्त आढळते. उलटे दरवाजे विषम संख्येने घेऊन त्यांचं कडं करायचं. विषम असल्यामुळे ते कधीच स्थिर होत नाही, ० आणि १ त्यात गोल गोल फिरत राहतात. एका फेरीला लागणारा वेळ जवळजवळ सारखा असतो. या 'जवळजवळ'मध्येच सगळी कमाई आहे. गोंगाटामुळे प्रत्येक फेरी किंचित आधी किंवा किंचित उशिरा संपते. या थरथरीला जिटर म्हणतात. एका फेरीत ती नगण्य असते, पण हजारो फेऱ्यांत साचत जाते. मग एका संथ घड्याळाच्या ठोक्याला या कड्यात डोकावून पाहायचं की आता ० आहे की १. डोकावण्याची घाई केली तर थरथर साचायला वेळच मिळत नाही आणि लागोपाठचे बिट एकमेकांची री ओढतात. ही रीत फसवताही येते. केंब्रिज विद्यापीठातल्या थिओडोर मार्केटॉस आणि सायमन मूर यांनी २००९ साली वीजपुरवठ्याच्या तारेतून ठरावीक कंपनाचा संकेत आत सोडून अशी कडी त्या तालाला बांधून दाखवली. बाहेरून ढोल वाजला की आतले सगळे एका ठेक्यात नाचू लागतात आणि थरथर संपते.

मिळालेला बिट नि:पक्षपाती असतो असंही नाही. दोन दरवाजे कारखान्यात कधीच तंतोतंत सारखे बनत नाहीत, त्यामुळे गोटा एका दरीकडे अंमळ जास्त झुकतो. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ साली यावर एक तोड सांगितली. बिट जोडीजोडीने घ्या. ०१ आलं तर ० समजा, १० आलं तर १ समजा, ०० आणि ११ फेकून द्या. नाणं कितीही खोटं असलं तरी ०१ आणि १० येण्याची शक्यता सारखीच असते, कारण दोन्हींत एक छापा आणि एक काटा आहे. अट एकच: एका फेकीचा दुसरीवर परिणाम नको. तेवढी हमी प्रत्यक्षात मिळत नाही, म्हणून हल्ली जोड्या लावण्याऐवजी सगळं थेट हॅश नावाच्या गणिती चरकातून काढतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग अडचण काय? गोंगाट मुबलक आहे, पकडताही येतो. खरी अडचण मोजण्यात आहे. हाती आलेल्या बिटांत नवेपणा किती, याचा हिशेब कोण आणि कसा ठेवणार?

हा हिशेब ज्या मापात ठेवतात त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. पदार्थविज्ञानातल्या अर्थाच्या खोलात इथे शिरायला नको. इथे तिचा अर्थ एवढाच की, सगळ्यात हुशार शत्रूला तुमचा आकडा ओळखायला किती कष्ट पडतील. स्वच्छ नाण्याची एक फेक म्हणजे १ बिट एन्ट्रॉपी. पण नाणं दहातून नऊ वेळा छापच देत असेल तर शत्रू दर वेळी 'छाप' म्हणेल आणि बहुतेक वेळा बरोबर ठरेल. अशा एका फेकीची किंमत कडक हिशेबाने ०.१५ बिटच भरते. किल्लीसाठी २५६ बिटांचं बीज हवं असेल तर हे नाणं सुमारे १७०० वेळा उडवावं लागेल. कमी वेळा उडवून पुढे गेलात तरी वरून काही दिसणार नाही, कारण हॅशच्या चरकातून निघालेला रस नेहमी सारखाच दिसतो. चरकात १, २, ३ असे आकडे घातले तरी बाहेर येणारी रांग यादृच्छिकतेच्या सगळ्या परीक्षा पास होते. म्हणून 'निकाल कसा विस्कळीत दिसतोय बघा' या म्हणण्याला काडीची किंमत नाही. तपासणी करायची ती चरकाच्या आधी, कच्च्या मालाची.

अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, अशा तपासणीची एक साधी रीत सांगितली आहे: तोच नमुना लागोपाठ किती वेळा आला ते मोजत राहा. स्रोत प्रत्येक नमुन्याला १ बिट देतो असा त्याचा दावा असेल आणि दहा लाखांत एखादाच खोटा गजर चालत असेल, तर लागोपाठ २१ सारखे नमुने आल्यावर स्रोत बंद पडला असं धरायचं. या परीक्षेत मेलेला स्रोत सापडतो. लबाड स्रोत मात्र सापडत नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे येऊ. लिनक्सचं घेतो, कारण त्याच्या वह्या सगळ्यांसाठी उघड्या आहेत, आणि २०१२ साली सापडलेल्या यंत्रांतली बरीचशी लिनक्सवरच चालत होती.

लिनक्सच्या गाभ्यात यादृच्छिकतेचं खातं थिओडोर त्सो यांनी १९९४ साली उघडलं. खास चिप नसलेल्या साध्या संगणकातही बाहेरच्या जगाचा गोंगाट येत असतो, फक्त वेगळ्या वाटेने, ही त्यामागची कल्पना. तुम्ही कळ दाबता, डिस्क एखादी नोंद शोधून आणते, नेटवर्कवरून पाकीट येतं. प्रत्येक वेळी ते उपकरण प्रोसेसरच्या खांद्यावर टकटक करतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. टकटक झाली की गाभा प्रोसेसरमधल्या चक्रांच्या मीटरकडे बघतो. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरात हे मीटर सेकंदाला तीन अब्ज आकडे पुढे सरकतं. तुम्ही कळ साधारण कधी दाबली हे शत्रूला कळू शकेल, पण मीटरचे शेवटचे काही अंक त्याला कुठून कळणार? आपल्या बोटालाच ते ठाऊक नसतात.

हे वाचन, इंटरप्टचा प्रकार आणि त्या क्षणी प्रोसेसर कोणत्या ओळीवर होता, हे सगळं आधी एका छोट्या वाडग्यात कालवलं जातं. वाडगा भरला किंवा सेकंद उलटला की तो मोठ्या हौदात ओतला जातो. हौदाचा चरक आज ब्लेक-टू-एस नावाचा हॅश आहे. त्यातून २५६ बिटांचं बीज निघतं आणि त्या बीजावर चाचा-२० नावाचं सूत्र हवे तितके आकडे देत राहतं. साधारण मिनिटामिनिटाला बीज बदलतं. प्रत्येक मागणी पुरवल्यावर जुनं बीज पुसलं जातं, म्हणजे उद्या कुणी यंत्रात शिरला तरी कालचे आकडे त्याला उलगडता येऊ नयेत.

गाभ्यातला मुनीम जमाखर्चात अतोनात कंजूष आहे. सुमारे ६४ इंटरप्ट आले तर तो खात्यावर १ बिट जमा दाखवतो. प्रत्यक्षात आवक त्याच्या कितीतरी पट असेल, पण खात्री नाही तर जमा नाही. या दराने २५६ बिट भरायला १६ हजारांहून जास्त इंटरप्ट लागतात. काही माल तर तो घेतो आणि जमा मुळीच धरत नाही. यंत्राचा अनुक्रमांक किंवा नेटवर्क कार्डाचा पत्ता हा असला माल. तो गुपित नाही, म्हणून जमा शून्य. तरी कालवायचा, कारण त्याने निदान दोन यंत्रांचे हौद एकमेकांपासून वेगळे होतात.

मुनिमाची ही कंजुषी मला आधी सोवळेपणाची वाटायची. पुढचं गणित पाहिल्यावर मत बदललं. समजा, शत्रूला एका क्षणी हौदाची स्थिती माहीत आहे. उदाहरणार्थ, यंत्र नुकतंच सुरू झालंय आणि हौद रिकामा आहे. आता नवा गोंगाट ८-८ बिटांनी येतोय आणि आपण प्रत्येक वेळी लगेच बीज बदलून आकडे बाहेर देतोय. शत्रू पहिल्या आठ बिटांचे २५६ पर्याय करून पाहतो, बाहेर आलेल्या आकड्यांशी जुळणारा उचलतो, आणि हौदाची स्थिती पुन्हा त्याच्या मुठीत येते. पुढच्या आठ बिटांना पुन्हा २५६. अशा ३२ खेपांत २५६ बिट आत आले, पण शत्रूला एकूण कष्ट पडले ८१९२ अंदाजांचे. तेच २५६ बिट गुपचूप साठवून एकदम वापरले असते तर अंदाजांची संख्या ७८ अंकी झाली असती. आवक तेवढीच, फरक फक्त थांबण्याचा. दह्याला विरजण लावल्यावर दर पाच मिनिटांनी झाकण काढून ढवळलं तर दही लागत नाही, तसंच हे. म्हणून गाभा सुरुवातीला पूर्ण २५६ जमा होईपर्यंत हौदाचं झाकण उघडत नाही.

निदान आता उघडत नाही. २०१२ सालच्या त्या ६४ हजार यंत्रांचं नेमकं इथेच बिघडलं.

ही यंत्रं म्हणजे राउटर, फायरवॉल, सर्व्हरची देखभाल दुरून करणारी कार्डं. त्यांना ना कीबोर्ड, ना माऊस, ना फिरणारी डिस्क. त्या काळच्या लिनक्समध्ये आकडे मागायला दोन खिडक्या होत्या. `/dev/random` या खिडकीवर जमा पुरेशी नसली तर ताटकळत उभं राहावं लागे. `/dev/urandom` या खिडकीवर ताटकळणं नव्हतं, असेल ते लगेच मिळे. अर्थात सगळे कार्यक्रम दुसऱ्याच खिडकीवर रांग लावत. संशोधकांनी कीबोर्ड-डिस्कविना एक यंत्र सुरू करून मुनिमाच्या वहीवर नजर ठेवली. हौदातला माल त्या खिडकीपर्यंत पोचायला मिनिटाहून जास्त वेळ लागला. किल्ली बनवणारा कार्यक्रम मात्र यंत्र चालू झाल्यावर काही सेकंदांतच खिडकीवर हजर होता. तेव्हा तिथे जे मिळालं ते त्या मॉडेलच्या प्रत्येक यंत्रात तंतोतंत सारखं होतं. कारखान्यातून आलेलं तेच सॉफ्टवेअर, तीच सुरुवात, आणि घड्याळाला बॅटरी नसेल तर तारीखही तीच.

मग सगळ्यांच्या किल्ल्या संपूर्ण सारख्या का निघाल्या नाहीत? बऱ्याच निघाल्याही. पण मसाविने फुटलेल्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. किल्ली बनवणारं ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर सावधगिरी म्हणून दर वेळी आपल्या हौदात चालू वेळ, सेकंदांत, कालवतं. दोन यंत्रांनी पहिली मूळ संख्या शोधायला घेतली तेव्हा दोघांचं घड्याळ एकाच सेकंदावर होतं, म्हणून ती सारखी आली. दुसरी शोधायला घेईपर्यंत एकाच्या घड्याळात सेकंद बदलला, दुसऱ्याच्यात अजून बदलायचा होता. तिथून वाटा फुटल्या आणि दुसरी मूळ संख्या वेगळी आली. एक घटक समान, एक भिन्न. मसाविला हवं असतं ते नेमकं हेच. किल्ल्या पूर्ण सारख्या असत्या तर मसावि काढून हाती काहीच लागलं नसतं. थोडीशी सावधगिरी इथे बेसावधपणापेक्षा महागात पडली.

या शोधानंतर लिनक्समध्ये बदल झाले. सगळ्याच इंटरप्टांचा गोंगाट वेचला जाऊ लागला, अनुक्रमांक कालवले जाऊ लागले. पुढे `getrandom` ही नवी खिडकी आली. हौद एकदा पुरता भरेपर्यंत ती थांबवून ठेवते, आणि एकदा भरल्यावर पुन्हा कधीच नाही. जुन्या ताटकळणाऱ्या खिडकीत आकडे दिले की खात्यातून बिट वजा व्हायचे. एन्ट्रॉपी ही पाण्यासारखी वापरून संपते, असा तो हिशेब. तो मला कधीच पटला नाही. शत्रूला बीज ओळखता येत नसेल तर त्यातून निघणाऱ्या लाखाव्या आकड्याने त्याला ते अचानक ओळखता येईल असं नाही. २०२० साली लिनक्सनेही ती वजाबाकी बंद केली.

पण थांबवणारी खिडकी म्हणजे नवं दुखणं. २०१९च्या सप्टेंबरात लिनक्सची ५.३ आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात होती. ईएक्सटी-फोर या फाइल-व्यवस्थेत एक चांगली सुधारणा झाली होती: यंत्र सुरू होताना डिस्कला घातलेले फेरे कमी केले होते. फेरे कमी म्हणजे इंटरप्ट कमी. इंटरप्ट कमी म्हणून हौद भरेना. हौद भरेना म्हणून लॉगिनची खिडकी दाखवणारा कार्यक्रम आकड्यांसाठी उभाच राहिला. अहमद दर्विश या विकासकाचा लॅपटॉप सुरूच होईना. कुणी कळा बडवल्या तर होई. माणूस समोर बसून खटखट करत नाही तोवर यंत्र जागं होणार नाही, हे डेटा सेंटरच्या खोलीत कसं चालायचं? लिनस टोरवाल्ड्स यांनी आधी ती सुधारणाच मागे घेतली, मग ५.४ आवृत्तीत वेगळा तोडगा काढला.

तो तोडगा असा. हौद रिकामा आहे आणि कुणी थांबलंय, तर गाभा स्वतःच थोडी पळापळ करतो. एक टायमर लावतो आणि तो वाजेपर्यंत चक्रांचं मीटर पुन्हा पुन्हा वाचून हौदात घालत राहतो, मधेमधे दुसऱ्या कामांना जागा देतो. प्रोसेसर, कॅशे आणि मेमरी यांची घड्याळं वेगवेगळी चालतात, त्यांच्या भांडणात मीटरचे शेवटचे अंक डळमळतात. टायमर वाजला की १ बिट जमा. सेकंदाला २५० टिकांचं घड्याळ असेल तर सुमारे सेकंदभरात २५६ होतात. मीटर हलतच नसेल, काही जुन्या प्रोसेसरांत तसं असतं, तर गाभा हा नाद सोडून देतो. या थरथरीत खरी अनिश्चितता किती आणि निव्वळ गुंतागुंत किती, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं व्यवहारी होतं: यंत्र अडून बसण्यापेक्षा हे बरं. मला ते मान्य आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या अगदी साध्या चिपमध्ये, जिथे सगळं एकाच घड्याळावर हलतं, तिथे मी त्याच्या भरवशावर किल्ली बनवणार नाही.

एवढ्या कटकटीपेक्षा `RDRAND` सारखी तयार सूचनाच का वापरू नये? २०१९ सालीच त्याचं उत्तर मिळालं. एएमडीच्या नव्या रायझन ३००० मालिकेतल्या काही संगणकांत ही सूचना दर वेळी एकच आकडा देत होती: सगळे बिट १. वर 'काम फत्ते' अशी खूणही लावत होती. काही लिनक्स संगणक त्यामुळे सुरूच होईनात. पुढे बायोसची दुरुस्ती आली. गाभ्याने यातून वाचायची सोय आधीच केलेली होती, ती मिसळण्यामुळे. पत्ते पिसताना चार जणांपैकी तिघांनी नुसतं पिसल्याचं नाटक केलं आणि एकाने खरंच पिसले, तरी पत्ते पिसलेलेच निघतात. हौदात वाईट माल पडल्याने चांगला माल नासत नाही. फक्त वाईट मालाच्या नावावर जमा दाखवायची नाही.

तुमच्या घरी लिनक्सचा संगणक असेल तर त्याची वही तुम्हीही पाहू शकता. काही ठिकाणी यासाठी `sudo` लागेल.

```
dmesg | grep "crng init"
```

`crng init done` अशी ओळ दिसली तर तिच्या आधीचा आकडा म्हणजे चालू झाल्यापासून हौद भरायला लागलेले सेकंद. आजच्या लॅपटॉपवर तो बहुधा एकाहूनही कमी असतो.

हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली पुन्हा अशाच किल्ल्या तपासल्या, तेव्हा कमजोर किल्ल्या असलेली यंत्रं इंटरनेटवर अजूनही भरपूर होती. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर घातलं तरी त्या रिकाम्या मिनिटात बनलेली किल्ली आपोआप बदलत नाही. तुमच्या कार्यालयात २०१२ च्या आधीचा एखादा राउटर किंवा फायरवॉल अजून चालत असेल, तर सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि त्यानंतर त्याची किल्लीही नव्याने बनवून घ्या.